दोन बोर्डांचे गुण, एक प्रवेश यादी

एकाच महाविद्यालयाच्या एकाच तुकडीसाठी राज्य मंडळाचा, सीबीएसईचा आणि आयसीएसईचा विद्यार्थी अर्ज करतो, तेव्हा तिघांचे टक्के एकाच रकान्यात लिहिले जातात आणि मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत यादी लावली जाते. हे टक्के मात्र तीन वेगळ्या प्रश्नपत्रिकांतून, तीन वेगळ्या तपासनीस-गटांकडून आणि गुण देण्याच्या तीन वेगळ्या रीतींतून आलेले असतात. एका बोर्डातले ९० टक्के दुसऱ्या बोर्डातल्या ८० टक्क्यांएवढे आहेत की ९५ टक्क्यांएवढे, हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही. म्हणून अनेक राज्यांनी आणि संस्थांनी गुण एका समान मापावर आणण्याची सूत्रे काढली. ही सूत्रे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच विद्यार्थ्यांची, त्याच गुणांवरून, सूत्र बदलताच वेगळी यादी तयार होते. असे का होते, हे केरळमध्ये २०२५ साली अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी साऱ्या देशाला दिसले.

गुणांतला फरक कुठून येतो

बोर्डाची गुण देण्याची रीत म्हणजे केवळ तपासनीस सढळ हाताचे आहेत की कडक, एवढेच नसते. प्रश्नपत्रिकेत पर्यायी प्रश्न किती आहेत, सोपे आणि अवघड प्रश्न कोणत्या प्रमाणात आहेत, उत्तर चुकले तरी पायरीपायरीला गुण मिळतात का, शाळेच्या हाती असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे गुण किती आहेत, निकाल लावताना बोर्ड सरसकट गुणवाढ करते का, आणि शेवटची टक्केवारी सर्व विषयांवर काढतात की उत्तम पाच विषयांवर, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. यातली एक गोष्ट जरी बदलली तरी साऱ्या राज्याचा निकाल हलतो.

महाराष्ट्रात हे २०१९ मध्ये स्पष्ट दिसले. त्या वर्षी दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकण्यात आले होते. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात राज्यातली मुले एवढी मागे पडली असतील, असे कोणी म्हणणार नाही. बदलली होती ती मोजण्याची रीत. पण अकरावीच्या यादीत ही मुले ज्यांच्याशी स्पर्धा करणार होती, त्या इतर बोर्डांच्या मुलांचे अंतर्गत गुण तसेच राहिले होते. पुढे अंतर्गत गुणांची पद्धत पुन्हा लागू करण्यात आली. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले. त्यात उत्तम पाच विषयांची सवलत आणि खेळ, चित्रकला, लोककला यांसाठीच्या जादा गुणांचाही वाटा असतो. ज्या बोर्डात अशा जादा गुणांची सोय नाही, तिथल्या विद्यार्थ्याला ती पायरी उपलब्धच नसते.

आकड्यांत पाहिले तर बोर्डाबोर्डांतला फरक तीन ठिकाणी दिसतो. पहिले म्हणजे सरासरी: एका बोर्डात मधला विद्यार्थी ८५ ला असतो, तर दुसऱ्यात ६५ ला. दुसरे म्हणजे पसारा: काही बोर्डांत बहुतेक मुले सरासरीच्या आसपास दाटलेली असतात, काहींत ती वरखाली दूरवर पसरलेली असतात. हा पसारा मोजण्याच्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. तिसरे म्हणजे वरचा काठ. पैकीच्या पैकी गुणांपलीकडे कोणी जाऊ शकत नाही, म्हणून सढळ बोर्डात चांगली आणि फार चांगली मुले १०० च्या जवळ एकाच ठिकाणी गोळा होतात. त्यांच्यातला फरक गुणपत्रिकेत उरतच नाही.

तीन विद्यार्थी, तीन क्रम

सूत्रे काय करतात हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगता येईल. ‘क’ बोर्ड सढळ आहे असे समजू. तिथे भौतिकशास्त्राची सरासरी ८५ आणि प्रमाण विचलन १२ आहे, आणि सर्वोच्च गुण १०० आहेत. ‘ख’ बोर्ड कडक आहे. तिथे सरासरी ६५, प्रमाण विचलन १४ आणि सर्वोच्च गुण ९६. दोन्ही बोर्डांची मुले एकत्र केली तर सरासरी ७५ आणि प्रमाण विचलन सुमारे १६ येते. रमाला ‘क’ बोर्डात १०० गुण आहेत, सागरला ‘क’ बोर्डातच ९७, आणि गौरीला ‘ख’ बोर्डात ८६.

गुण जसेच्या तसे घेतले तर रमा पहिली, सागर दुसरा, गौरी तिसरी.

पहिली रीत सर्वोच्च गुणांच्या प्रमाणाची. तमिळनाडूने व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा रद्द करताना २००६ च्या कायद्यात हीच रीत घातली. प्रत्येक बोर्डातला सर्वोच्च गुण राज्य मंडळाच्या सर्वोच्च गुणांएवढा मानायचा आणि बाकीच्यांचे गुण त्या प्रमाणात वाढवायचे. राज्य मंडळात सर्वोच्च १०० आणि दुसऱ्या बोर्डात ९० असतील, तर त्या बोर्डातल्या ६० गुणांचे ६६.६६ होतात. आपल्या उदाहरणात गौरीच्या ८६ ला १०० ने गुणून ९६ ने भागले की ८९.६ येतात. रमा १०० वर आणि सागर ९७ वरच राहतो. क्रम बदलत नाही.

या रीतीचा हिशेब कोणालाही कळतो आणि कोणाचेही गुण कमी होत नाहीत, म्हणून ती लोकांना पटते. पण ती साऱ्या बोर्डाचे मोजमाप एका विद्यार्थ्यावरून करते. लाखो मुलांच्या बोर्डात गणितात किंवा भौतिकशास्त्रात एखाद्याला १०० मिळतातच. तसे झाले की दोन्हीकडचे सर्वोच्च गुण सारखे होतात आणि सूत्र काहीच करत नाही. बोर्ड सढळ आहे की कडक, हे शिखरावरच्या एका मुलापेक्षा मधल्या हजारोंच्या गुणांत दिसते, आणि या रीतीत त्या हजारोंकडे पाहिलेच जात नाही.

दुसरी रीत सरासरी आणि पसाऱ्याची. विद्यार्थी आपल्या बोर्डाच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलने वर आहे हे काढायचे, आणि एकत्रित मापावर त्याला तेवढ्याच अंतरावर बसवायचे. गौरी ६५ च्या सरासरीपासून २१ गुणांनी वर आहे. १४ ने भागले की दीड प्रमाण विचलन. एकत्रित मापावर १६ ची दीडपट म्हणजे २४, ती ७५ मध्ये मिळवली की ९९. सागर ८५ पासून १२ ने वर, म्हणजे एक प्रमाण विचलन, म्हणून ७५ आणि १६ मिळून ९१. रमा १५ ने वर, म्हणजे सव्वा प्रमाण विचलन, म्हणून ९५. आता क्रम गौरी, रमा, सागर असा झाला.

रमाची अडचण इथे नीट पाहण्यासारखी आहे. तिला पैकीच्या पैकी गुण आहेत, म्हणजे तिने प्रश्नपत्रिकेतले सगळे बरोबर सोडवले. तरीही तिचे रूपांतरित गुण ९५ च्या वर जाऊच शकत नाहीत, कारण तिच्या बोर्डात सरासरीपासून १०० पर्यंत १५ गुणांचेच अंतर आहे. ती आणखी अवघड प्रश्न सोडवू शकली असती का, हे तिच्या बोर्डाने तपासलेच नाही, आणि सूत्राला ते ठाऊक नाही. सढळ बोर्डातल्या सर्वांत हुशार मुलांवर या रीतीचा सर्वांत जास्त भार पडतो.

तिसरी रीत पर्सेंटाईलची. आपल्या बोर्डात शंभरातल्या किती जणांना विद्यार्थ्याएवढे किंवा त्याहून कमी गुण आहेत, एवढेच पाहायचे. ‘क’ बोर्डात ९७ किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे ८८ टक्के आहेत, तर सागरचे पर्सेंटाईल ८८. ‘ख’ बोर्डात ८६ किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे ९३ टक्के आहेत, तर गौरीचे ९३. रमाच्या वर कोणीच नसल्याने तिचे १००. तिसरा क्रम रमा, गौरी, सागर असा आला.

तीन सूत्रे, तीन वेगळ्या याद्या. यांतल्या कोणत्याही हिशेबात चूक नाही. फरक पडतो तो प्रत्येक सूत्राने गृहीत धरलेल्या गोष्टीमुळे. सर्वोच्च गुणांची रीत धरून चालते की सर्व बोर्डांचे पहिले विद्यार्थी सारखे हुशार असतात. सरासरीची रीत धरते की सर्व बोर्डांचे मधले विद्यार्थी सारखे असतात आणि त्यांच्यातला पसाराही सारखा असतो. पर्सेंटाईलची रीत धरते की वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर सर्व बोर्ड सारखे असतात. हे खरे आहे की नाही, ते बोर्डाच्या गुणांवरून कळू शकत नाही. ‘क’ ची सरासरी ८५ आहे ती बोर्ड सढळ असल्यामुळे की तिथली मुले अधिक तयारीची असल्यामुळे, या दोन्ही शक्यतांत गुणपत्रिका सारखीच दिसते.

केरळची यादी

केरळमध्ये अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी ‘कीम’ या राज्य प्रवेश परीक्षेवर आणि बारावीच्या गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राच्या गुणांवर लागते. दोन्हींना ३०० गुणांचे सारखे वजन असते. बारावीचे गुण वेगवेगळ्या बोर्डांचे, शिवाय वेगवेगळ्या वर्षांचेही असतात, कारण आधीच्या वर्षी बारावी झालेली मुलेही परीक्षेला बसतात. तिथे वर्षानुवर्षे सरासरी आणि प्रमाण विचलनाची रीत वापरली जात होती. प्रत्येक बोर्डाच्या प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक विषयाची सरासरी आणि प्रमाण विचलन मिळवायचे, सर्व बोर्डांची एकत्रित सरासरी आणि विचलन काढायचे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण त्या एकत्रित मापावर आणायचे. तिन्ही विषयांचे वजन सारखे.

केरळच्या राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांची जुनी तक्रार रमाच्या उदाहरणासारखीच होती. पूर्ण गुण मिळवूनही रूपांतरात त्यांचे गुण घटत, आणि कच्च्या गुणांत मागे असलेली सीबीएसईची मुले यादीत पुढे जात. राज्य मंडळाची सरासरी वर असल्यामुळे असे होणार हे सूत्रातच होते.

२०२५ ची परीक्षा एप्रिलमध्ये झाली, तिचे गुण मे महिन्यात जाहीर झाले. १ जुलैला गुणवत्ता यादी लागायची होती, आणि त्याच दिवशी सरकारने माहितीपुस्तिकेत दुरुस्ती करून सूत्र बदलले. आता तमिळनाडूसारखी सर्वोच्च गुणांच्या प्रमाणाची रीत आली, आणि गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांचे वजन ५:३:२ झाले. त्या सूत्राने लावलेल्या यादीत पहिल्या शंभरांत राज्य मंडळाचे ४३ विद्यार्थी होते.

सीबीएसईच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात याचिका गेली. ९ जुलैला न्यायालयाने बदल रद्द केला आणि १० जुलैला खंडपीठाने सरकारचे अपील फेटाळले. त्याच दिवशी जुन्या सूत्राने नवी यादी लागली. तिच्यात पहिल्या शंभरांत राज्य मंडळाचे २१ विद्यार्थी उरले, आणि पहिल्या यादीतला पहिला विद्यार्थी सातव्या क्रमांकावर गेला. राज्य मंडळाचे विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण प्रवेशाचे वेळापत्रक पाहता न्यायालयाने त्या वर्षीच्या यादीला स्थगिती दिली नाही.

दहा दिवसांत कोणाचेही गुण बदलले नव्हते. कोणते सूत्र अधिक न्याय्य, यावर न्यायालयाने मुख्यतः भर दिला नाही. आक्षेप होता तो खेळ संपल्यावर नियम बदलण्याला. परीक्षा झाली होती, गुण हाती आले होते, आणि कोणत्या सूत्राने कोणत्या गटाला किती फायदा होतो हे त्या क्षणी मोजता येत होते. अशा वेळी निवडलेले सूत्र चांगले असले, तरी ते निवडण्यामागचे कारण संशयापलीकडे राहू शकत नाही.

जुन्या रीतीत आणखी एक नाजूक जागा आहे. सरासरी कोणत्या मुलांची घ्यायची? सीबीएसई देशभर पसरलेले बोर्ड आहे आणि राज्य मंडळ एका राज्याचे. देशभरच्या सीबीएसई विद्यार्थ्यांची सरासरी आणि केरळमधल्या सीबीएसई विद्यार्थ्यांची सरासरी वेगळी असू शकते. विज्ञान शाखेला कोण जाते, कोण परीक्षेला बसतच नाही, कोणती शाळा कच्च्या मुलांना आधीच दुसरीकडे पाठवते, या सगळ्याने सरासरी हलते. ज्या बोर्डात कच्ची मुले जास्त टिकून राहतात, त्या बोर्डाची सरासरी खाली येते आणि तिथल्या हुशार मुलाला सूत्राचा फायदा होतो. ज्या बोर्डात निवडक मुलेच उरतात, तिथल्या तेवढ्याच हुशार मुलाचे नुकसान होते.

महाराष्ट्राचे प्रयत्न

मुंबईच्या अकरावी प्रवेशात हा वाद केरळच्या आधीचा आहे. राज्य मंडळाच्या मुलांना आयसीएसई आणि सीबीएसईच्या मुलांपुढे नामांकित महाविद्यालयांत जागा मिळत नाहीत, अशी तक्रार होती. २००८ मध्ये सरकारने पर्सेंटाईलच्या नावाने ओळखले गेलेले सूत्र आणले, ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि १० टक्के इतर बोर्डांसाठी, असा ९०:१० चा नियम आला. तोही न्यायालयाने रद्द केला. २०१० मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांची टक्केवारी सहाऐवजी उत्तम पाच विषयांवर धरायचे ठरले. उच्च न्यायालयाने जूनमध्ये हा निर्णय रद्द केला, पण जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

या तीन उपायांकडे सूत्र म्हणून पाहिले तर त्यांचे नाते दिसते. ९०:१० च्या नियमात गुणांचे रूपांतर कुठेच नाही, पण प्रत्येक बोर्डातले वरचे विद्यार्थी ठरावीक प्रमाणात घ्यायचे, असे तो म्हणतो. वाटा अर्जदारांच्या प्रमाणात ठेवला तर हे पर्सेंटाईलच्या रीतीएवढेच होते, कारण दोन्हीत विद्यार्थ्याची स्पर्धा आपल्याच बोर्डातल्या मुलांशी असते आणि सर्व बोर्ड सारखे मानले जातात. फरक इतकाच की पर्सेंटाईल हे मोजमापाच्या रूपात येते आणि कोटा उघड आरक्षणाच्या रूपात. म्हणून बोर्डावरून भेदभाव झाला, हा आक्षेप कोट्याला लगेच घेता येतो.

उत्तम पाचची रीत वेगळी आहे. ती दुसऱ्या बोर्डाचे गुण बदलत नाही, आपल्या बोर्डाची टक्केवारी वर नेते. ज्याचा एखादा विषय कच्चा आहे त्याचे टक्के बरेच वाढतात, आणि ज्याचे सर्व विषय सारखे चांगले आहेत त्याचे फारसे वाढत नाहीत. त्यामुळे बोर्डांमधला तोल साधताना त्याच बोर्डातल्या मुलांचा आपापसांतला क्रमही बदलतो. शिवाय सगळेच टक्के काठाकडे सरकतात, आणि वरच्या मुलांमधला फरक आणखी पुसट होतो. एका बोर्डाने गुण वाढवले की दुसऱ्यावर तसेच करण्याचा दबाव येतो. देशातल्या बोर्डांनी २०१७ मध्ये सरसकट गुणवाढ थांबवण्याचे ठरवले, तेव्हा त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना अर्ध्यावर नियम बदलून नुकसान नको, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने सीबीएसईला जुनी रीत चालू ठेवायला सांगितले होते. एका बोर्डाने एकट्याने थांबायचे ठरवले तर त्याचीच मुले यादीत मागे जातात, ही तिथली खरी अडचण.

दिल्ली विद्यापीठात या वाढीचा शेवट २०२१ मध्ये दिसला. काही महाविद्यालयांत काही विषयांचा कट-ऑफ १०० टक्क्यांवर गेला. १०० मिळालेल्यांमध्ये निवड कशी करायची, याला गुणपत्रिकेकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षापासून तिथले प्रवेश केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक परीक्षेवर, म्हणजे सीयूईटीवर, होऊ लागले.

दोन बोर्डांना जोडणारा दुवा

बोर्डांचे विद्यार्थी सारखे आहेत की नाहीत, हे कळायला दोन्हीकडच्या मुलांनी दिलेली एखादी समान परीक्षा लागते. जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या वर्षांत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, आणि तिथे वापरलेले सूत्र या दुव्यावर उभे होते.

त्याची रीत अशी. विद्यार्थ्याचे आपल्या बोर्डातले पर्सेंटाईल काढायचे. गौरीचे ९३ आहे असे धरू. मग जेईई मेनला बसलेल्या देशभरच्या सर्व विद्यार्थ्यांमध्ये ९३ व्या पर्सेंटाईलला किती गुण आहेत ते पाहायचे. समजा ३६० पैकी १५०. नंतर फक्त ‘ख’ बोर्डातून जेईई मेनला बसलेल्या मुलांमध्ये ९३ व्या पर्सेंटाईलला किती गुण आहेत ते पाहायचे. समजा १८०. या दोन आकड्यांची सरासरी १६५ हे गौरीचे बोर्डाचे रूपांतरित गुण. सागरचे पर्सेंटाईल ८८. देशभरात त्या जागी १३० गुण आणि ‘क’ बोर्डाच्या मुलांत १०० गुण असतील, तर त्याचे ११५. शेवटी परीक्षेतल्या प्रत्यक्ष गुणांचे ६० टक्के आणि या रूपांतरित गुणांचे ४० टक्के मिळवून क्रम लावायचा.

पहिला आकडा सर्व बोर्ड सारखे मानतो. दुसरा आकडा म्हणतो की ‘ख’ ची मुले समान परीक्षेत जेवढी पुढे आहेत, तेवढे त्यांच्या बोर्डाच्या गुणांना वजन द्या. या दोन गृहीतकांमध्ये निम्मे-निम्मे वाटून घेतले गेले. नेमके निम्मेच का, हे गणितातून येत नाही. ती एक तडजोड आहे. पण इतर सूत्रांत गृहीतक हिशेबाच्या आत दडलेले असते. इथे ते उघड मांडले आहे, आणि कोणाला ते पटत नसेल तर तो नेमके कशावर वाद घालायचा हे सांगू शकतो.

या दुव्यालाही मर्यादा आहेत. समान परीक्षा ही स्वतः तटस्थ असावी लागते. जेईईसारख्या परीक्षेत शिकवणीचा वाटा मोठा असतो आणि काही बोर्डांचा अभ्यासक्रम तिच्या अधिक जवळ असतो. अशा बोर्डाची मुले परीक्षेत पुढे असली, तरी त्यातला किती भाग हुशारीचा आणि किती तयारीचा हे वेगळे करता येत नाही. दुसरे, पर्सेंटाईल ज्या गटात काढले आणि परीक्षेचे गुण ज्या गटात पाहिले, ते गट एकच असावे लागतात. सर्व बोर्डातले ९३ वे पर्सेंटाईल हे परीक्षेला बसलेल्या निवडक मुलांतल्या ९३ व्या पर्सेंटाईलशी जोडले, तर ज्या बोर्डातून फक्त हुशार मुलेच परीक्षेला बसतात त्यांना विनाकारण फायदा होतो. तिसरे, देशभरच्या सगळ्या बोर्डांकडून सगळे गुण वेळेवर मिळवावे लागतात. २०१७ पासून जेईई मेनच्या क्रमात बारावीचे गुण धरणे बंद झाले. ते फक्त पात्रतेच्या अटीपुरते उरले, तेही ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातले वरचे २० पर्सेंटाईल असे. या अटीत पर्सेंटाईलचा पर्याय ठेवणे म्हणजे कडक बोर्डाच्या मुलांना दिलेले संरक्षण होते.

सूत्र चुकते आहे हे कसे ओळखावे

कोणतेही सूत्र लावण्याआधी प्रत्येक बोर्डाच्या गुणांचा आलेख काढून पाहणे ही पहिली तपासणी. प्रत्येक गुणाला किती मुले आहेत हे उभ्या पट्ट्यांत दाखवले, की काठाजवळचा ढीग आणि गुणवाढीमुळे एखाद्या आकड्यावर उठलेला उंचवटा लगेच दिसतो. काठाजवळ मोठा ढीग असेल तर सरासरी आणि प्रमाण विचलनाची रीत त्या बोर्डासाठी भरवशाची नाही, कारण ती दोन्ही बाजूंना सारखा पसारा असल्याचे धरते. तिथे पर्सेंटाईल अधिक सुरक्षित असते, पण ढिगातल्या सगळ्यांना ते एकच क्रमांक देते, आणि मग जन्मतारीख किंवा एखाद्या विषयाचे गुण अशा बरोबरी-तोडीच्या नियमावर प्रवेश ठरतो.

दुसरी तपासणी पदवीच्या पहिल्या वर्षाची आहे. रूपांतरित गुण सारखे असलेली दोन बोर्डांची मुले त्याच महाविद्यालयात, त्याच प्रश्नपत्रिकेवर पहिल्या वर्षाला सारखे गुण मिळवत असतील, तर रूपांतर ठीक आहे. एका बोर्डाची मुले सातत्याने पुढे जात असतील, तर सूत्राने त्यांना प्रवेशाच्या वेळी कमी लेखले होते. हा पडताळा काही वर्षांच्या आकड्यांवर घ्यावा लागतो, आणि ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्याबद्दलच तो काही सांगतो. नाकारलेल्यांचे काय झाले असते, हे त्यात येत नाही. तरीही बोर्डांबाहेरचा हाच एक पुरावा प्रवेश देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या कपाटात असतो.

तिसरी गोष्ट यादीच्या वाचनाची. रूपांतरित गुणांत दशांश येतात आणि ९१.४ हे ९१.१ पेक्षा खरेच मोठे आहेत असे वाटते. पण बोर्डाची सरासरी एका वर्षात दोन गुणांनी हलली तर हा सारा क्रम उलटतो. सूत्राने येणारी अनिश्चितता दोन-तीन गुणांची असताना यादी मात्र दशांशावर कापली जाते. त्या रेषेच्या लगेच वरचे आणि लगेच खालचे विद्यार्थी यांच्यात मोजता येण्यासारखा फरक नसतो.

म्हणून प्रवेश देणाऱ्या संस्थेला तीन गोष्टी करता येतात. सूत्र कोणाचेही गुण हाती येण्याआधी ठरवून जाहीर करायचे. त्यात वापरलेली प्रत्येक बोर्डाची सरासरी, प्रमाण विचलन आणि विद्यार्थी-संख्या यादीबरोबर छापायची, म्हणजे कोणताही विद्यार्थी आपले गुण स्वतः काढून पाहू शकेल. आणि ठरावीक वर्षांनी पहिल्या वर्षाच्या निकालांशी पडताळून सूत्र सुधारायचे, पण ती सुधारणा पुढच्या तुकडीपासून लागू करायची. बोर्डांचे गुण पूर्णपणे तुलनीय करणारे सूत्र नाही. कोणत्या गृहीतकावर क्रम लागला हे मात्र प्रत्येक अर्जदाराला आधी सांगता येते.